नितळ रक्तातले कोलेस्टेरॉल

श्रीखंड-पुरीचे भरपेट जेवण झाल्यावर तीन-चार तासांनी एखाद्याचे रक्त काढले आणि त्यातल्या पेशी तळाशी बसू दिल्या, तर वर उरणारा द्रव पांढुरका, गढूळ दिसतो. तीच नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर सकाळी द्रवावर सायीसारखा थर धरलेला असतो. पाहणाऱ्याला धसका बसावा असे हे दृश्य असते, पण निरोगी माणसाच्या बाबतीत त्यात चिंतेचे काही नसते. आता दुसरी नळी पाहू. ती एका तिशीतल्या माणसाची आहे. त्याचे एकूण कोलेस्टेरॉल साडेतीनशे आहे आणि त्याच्या वडिलांना चाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला होता. या नळीतला द्रव मात्र स्वच्छ, पिवळसर आणि पारदर्शक असतो. त्यापलीकडे वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता येतील. या दोघांपैकी हृदयाला खरा धोका आहे तो दुसऱ्या माणसाच्या. असे का, हे समजून घ्यायचे तर चरबी आपल्या रक्तातून कशी प्रवास करते ते पाहावे लागेल.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त मुख्यतः पाणीच असते. त्यामुळे शरीर चरबीचे बारीक गोळे बनवते. गोळ्याच्या पोटात तेलकट माल असतो आणि बाहेरून फॉस्फोलिपिड व प्रथिनांचे पातळ आवरण असते. यांनाच लायपोप्रोटीन म्हणतात. गोळ्यांमधला माल मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला ट्रायग्लिसराईड, म्हणजे आपण खातो ते तेल-तूप आणि पोटावर साठते ती चरबी. ती जाळून शरीराला ऊर्जा मिळते. दुसरा कोलेस्टेरॉल. हे जाळता येत नाही. ते पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्त बनवायला लागते. जाळता येत नसल्यामुळे नको असलेल्या कोलेस्टेरॉलची मोठ्या प्रमाणावर विल्हेवाट लावायला एकच जागा उरते, ती म्हणजे यकृत. यकृत ते पित्तात सोडते आणि तिथून ते आतड्यात जाते. पुढच्या साऱ्या हकिकतीचे मूळ या फरकात आहे.

श्रीखंडातली चरबी आतड्यात पचते, आतड्याच्या पेशी तिचे पुन्हा ट्रायग्लिसराईड करतात आणि ते मोठ्या गोळ्यांमध्ये भरतात. हे कायलोमायक्रॉन. ते रक्तातले सर्वांत मोठे लायपोप्रोटीन असतात. इतके मोठे की आतड्याच्या केशवाहिन्यांमध्ये त्यांना थेट शिरता येत नाही. ते लसिकावाहिन्यांतून वर चढतात, छातीतल्या मोठ्या लसिकावाहिनीने मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे येतात आणि तिथे शिरेतून रक्तात मिसळतात. साखर आणि प्रथिने आतड्यातून आधी यकृताकडे जातात. जेवणातली बहुतेक चरबी मात्र यकृताला वळसा घालून आधी साऱ्या शरीरात फिरते.

स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतींवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर बसलेले असते. कायलोमायक्रॉन त्याच्या तावडीत सापडला की त्यातल्या ट्रायग्लिसराईडचे तुकडे होतात आणि ते तुकडे आसपासच्या पेशी उचलतात. हे काम फार झपाट्याने होते. कायलोमायक्रॉनमधले निम्मे ट्रायग्लिसराईड काही मिनिटांतच उतरलेले असते. गोळा आकसतो आणि त्याचा उरलेला सांगाडा यकृत उचलून घेते. जेवणातले कोलेस्टेरॉल याच सांगाड्यातून यकृतात पोचते. उपाशी पोटी काढलेल्या रक्तात कायलोमायक्रॉन दिसत नाहीत ते यामुळेच. पहिल्या नळीतला गढूळपणा याच गोळ्यांचा होता. ते मोठे असल्याने प्रकाश विखुरतात, हलके असल्याने वर तरंगतात, आणि संध्याकाळपर्यंत रक्तातून गेलेले असतात.

आपण जेवलो नाही तरी शरीराला चरबी लागतेच. ती पुरवायला यकृत स्वतःचे गोळे बनवते, त्यांना व्हीएलडीएल म्हणतात. कायलोमायक्रॉनपेक्षा ते लहान असतात, पण त्यांच्यातही मुख्य माल ट्रायग्लिसराईडचाच असतो. सोबत कोलेस्टेरॉलही असते. ‘मी जन्मापासून शाकाहारी, अंड्याला हात लावलेला नाही, मग माझे कोलेस्टेरॉल वाढले कसे?’ हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. त्याचे अर्धे उत्तर इथे आहे. शरीर रोज स्वतः जेवढे कोलेस्टेरॉल बनवते ते बहुतेकांच्या बाबतीत खाण्यातून येणाऱ्यापेक्षा जास्त असते. वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल नसतेच, तरीही शुद्ध शाकाहारी माणसाचे यकृत व्हीएलडीएल बनवत राहते.

प्रत्येक व्हीएलडीएलवर अपोबी-100 नावाचे एक भलेमोठे प्रथिन गुंडाळलेले असते. एका गोळ्यावर त्याचा एकच रेणू असतो आणि तो शेवटपर्यंत त्या गोळ्याला सोडत नाही. कायलोमायक्रॉनवरही याच जनुकातून बनलेले प्रथिन असते, पण आतड्यात ते अर्ध्यावरच तोडलेले असते, म्हणून त्याचे नाव अपोबी-48. म्हणजे पूर्ण लांबीच्या 48 टक्के. तोडताना गळालेल्या भागातच यकृताच्या एलडीएल रिसेप्टरला चिकटण्याची जागा असते. त्यामुळे कायलोमायक्रॉनचा सांगाडा यकृतात शिरताना अपोई या वेगळ्या प्रथिनावर अवलंबून असतो आणि त्याला यकृतात जायच्या वाटाही एकापेक्षा जास्त आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल.

व्हीएलडीएलचेही ट्रायग्लिसराईड तेच लायपेज काढून घेते. गोळा आकसत जातो, आणि ट्रायग्लिसराईड जाते तसतसे त्यात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढत जाते. या मधल्या अवस्थेतल्या गोळ्यापुढे दोन रस्ते असतात. त्याच्यावर अजून अपोई असते, त्यामुळे यकृत त्याला लगेच उचलू शकते, आणि निरोगी माणसात बऱ्याच गोळ्यांचा प्रवास असाच संपतो. उरलेले गोळे आणखी आकसतात, त्यांच्यावरचे अपोई निघून जाते, आणि शेवटी उरतो तो कोलेस्टेरॉलने ठासलेला, अपोबी-100 हे एकच प्रथिन असलेला छोटा गोळा. हाच एलडीएल. लोक ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात तो असा व्हीएलडीएलचा उरलेला भाग आहे. शरीर एलडीएल मुद्दाम घडवत नाही. ट्रायग्लिसराईड पोचवून झाल्यावर मागे राहते ते हे.

एलडीएलचा व्यास सुमारे 22 नॅनोमीटर असतो. इतका बारीक गोळा प्रकाश विखुरत नाही, म्हणून एलडीएलने भरलेले रक्तही नितळ दिसते. मोठे कायलोमायक्रॉन धमनीच्या भिंतीत शिरू शकत नाहीत, पण एलडीएल शिरतो. बहुतेक गोळे आत जाऊन परतही येतात, पण काही भिंतीतल्या तंतूंना चिकटून अडकतात. त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगतात आणि धमनीत थर साचायला सुरुवात होते. शिवाय एलडीएल रक्तात मिनिटे-तास नाही तर सरासरी दोन-तीन दिवस फिरत राहतो. किती गोळे फिरताहेत आणि किती वर्षे, यावर भिंतीत किती साचणार हे ठरते.

मग एलडीएल रक्तातून जातो कसा? 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत याचे नेमके उत्तर कोणाकडे नव्हते. एक आनुवंशिक आजार मात्र माहीत होता. काही घराण्यांमध्ये कोलेस्टेरॉल जन्मापासून जास्त असते, घोट्यामागच्या जाड शिरेवर आणि बोटांच्या सांध्यांवर गाठी येतात आणि तरुणपणीच हृदयविकार होतो. नॉर्वेचे डॉक्टर कार्ल म्यूलर यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस अशा कुटुंबांचे वर्णन केले होते. लेबनॉनमध्ये, जिथे नात्यातली लग्ने बरीच होत, तिथे अवेदिस खाचादुरियन यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले की या आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तर कोलेस्टेरॉल साधारण दुप्पट होते. दोघांकडूनही आले तर ते चौपट-सहापट होते, आणि उपचाराविना अशा मुलांना दहा-वीस वर्षांच्या आतच हृदयविकार गाठतो.

अमेरिकेत डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण डॉक्टर या दुसऱ्या पायरीवरच्या मुलांच्या मागे लागले. त्यांची सुरुवातीची कल्पना अशी होती की या मुलांचे शरीर कोलेस्टेरॉल बनवायचे थांबवत नसावे. कोलेस्टेरॉल बनवण्याच्या साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर मुख्य असते. त्यांनी त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींना रक्तद्रव मिळत होता तोवर हे विकर थंड होते. त्या द्रवातून लायपोप्रोटीन काढून टाकले की पेशी स्वतःच कोलेस्टेरॉल बनवू लागत आणि विकराचा जोर कितीतरी पट वाढे. एलडीएल परत घातला की तो पुन्हा ओसरे. आजारी मुलांच्या पेशींमध्ये एलडीएल घाला किंवा घालू नका, विकराचा जोर तसाच, निरोगी पेशींच्या चाळीस-साठ पट राहत होता. तेव्हा विकरातच दोष आहे असे वाटणे साहजिक होते.

पुढचा प्रयोग साधा होता, आणि मला तो या साऱ्या संशोधनातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी कोलेस्टेरॉल एलडीएलमधून न देता अल्कोहोलमध्ये विरघळवून पेशींना दिले. असे कोलेस्टेरॉल पेशीच्या आवरणातून आपोआप आत झिरपते. दिल्याबरोबर आजारी मुलांच्या पेशींतले विकरही निरोगी पेशींसारखेच गप्प झाले. म्हणजे विकर ठणठणीत होते. कोलेस्टेरॉल आत पोचले तर पेशी ते ओळखत होती. एलडीएलमधले कोलेस्टेरॉल आतच येत नव्हते. मग त्यांनी एलडीएलला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावली. निरोगी पेशींना तो घट्ट चिकटला, आजारी मुलांच्या पेशींना चिकटलाच नाही. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलला पकडणारे एक प्रथिन असते आणि या मुलांच्या पेशींवर ते नव्हते. हाच एलडीएल रिसेप्टर. त्याच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा रिसेप्टर पेशीवर नुसता बसून राहत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर जागोजागी खळगे असतात. ते एकूण पृष्ठभागाच्या दोन टक्केच भरतील, पण बहुतेक रिसेप्टर तिथे गोळा झालेले असतात. एलडीएल चिकटला की खळगा आत ओढला जातो आणि त्याची पिशवी बनते. पिशवीत आम्लता वाढते, त्यामुळे रिसेप्टरची पकड सुटते. एलडीएल पुढे जाऊन मोडला जातो आणि त्यातले कोलेस्टेरॉल पेशीला मिळते, तर मोकळा झालेला रिसेप्टर पृष्ठभागावर परत येतो. या एका फेरीला दहा मिनिटांच्या आसपास लागतात आणि एक रिसेप्टर आयुष्यात अशा शंभराहून अधिक फेऱ्या करतो.

या फेरीत कुठेही बिघाड होऊ शकतो. कोणाच्या पेशी रिसेप्टर बनवतच नाहीत. कोणाच्या पेशींत तो बनतो, पण घडी नीट पडत नाही म्हणून आतच अडकतो. कोणाचा पृष्ठभागावर येतो, पण एलडीएलला धरू शकत नाही. एका मुलाच्या पेशी मात्र वेगळ्याच होत्या. त्यांना एलडीएल चिकटत होता, तरीही आत जात नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कळले की त्याचे रिसेप्टर खळग्यांत गोळा न होता पृष्ठभागावर विखुरलेले आहेत. 1986 मध्ये कारण सापडले. रिसेप्टरचे जे छोटे शेपूट पेशीच्या आत असते, त्यातले 807 व्या क्रमांकाचे एकच अमिनो आम्ल बदलले होते, टायरोसिनच्या जागी सिस्टीन आले होते. खळग्याशी जोडून घेणारी खूण त्या शेपटावरच असते. आठशेहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीत एक बदलले आणि चिकटलेला एलडीएल दाराबाहेरच राहिला.

तिशीतल्या माणसाकडे परत येऊ. त्याला सदोष जनुक एकाच बाजूने आले आहे, म्हणजे त्याचे अर्धे रिसेप्टर चांगले आहेत. मग त्याच्या रक्तातला एलडीएल दुप्पट का होतो? हा हिशेब सोपा आहे. रक्तात जितका एलडीएल असतो त्यातला ठराविक हिस्सा रोज काढला जातो. निरोगी माणसात हा हिस्सा साधारण 45 टक्के असतो. रोज 90 गोळे नव्याने येत असतील तर साठा 200 वर स्थिरावेल, कारण 200 चे 45 टक्के 90 होतात. या माणसात रोज सुमारे 28 टक्केच काढले जातात. तितकेच 90 गोळे काढायला आता साठा 320 लागतो. पण नवे गोळे 90 च राहत नाहीत. व्हीएलडीएल आकसताना बनणारे मधले गोळे यकृत उचलते तेही मुख्यतः याच रिसेप्टरने. रिसेप्टर कमी पडले की ते गोळेही मागे राहतात आणि त्यांचेही एलडीएल बनते. एकच दोष आवक वाढवतो आणि जावकही मंदावतो. आवक 90 ऐवजी 115 झाली तरी साठा चारशेच्या वर, म्हणजे दुपटीवर जातो. दोन्ही जनुके सदोष असलेल्या मुलांत रोज काढला जाणारा हिस्सा 17 टक्क्यांच्या घरात येतो आणि आवकही जवळपास दुप्पट असते. मग एलडीएल पाचपट का होतो हे वेगळे सांगायला नको.

या हिशेबात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पातळी स्थिर आहे, याचा अर्थ आजारी माणूसही जितका एलडीएल बनतो तितका रोज काढतोच. निरोगी माणसापेक्षा जास्तच काढतो. फरक असा की तेवढे काढण्यासाठी त्याच्या रक्तातली पातळी दुप्पट व्हावी लागते, आणि त्या दुपटीची किंमत धमन्या मोजतात.

आपला हा माणूस हातात लॅबचा कागद घेऊन बसला आहे असे समजा. त्यावर एकूण कोलेस्टेरॉल 352, एचडीएल 44, ट्रायग्लिसराईड 140. उपाशी पोटीच्या रक्तात कायलोमायक्रॉन नसतात, म्हणून सारे कोलेस्टेरॉल एचडीएल, व्हीएलडीएल आणि एलडीएल या तिघांत वाटलेले असते. व्हीएलडीएलमध्ये कोलेस्टेरॉलच्या पाचपट ट्रायग्लिसराईड असते असे धरून बऱ्याच लॅब 140 ला 5 ने भागतात आणि 28 हा आकडा व्हीएलडीएलचा मानतात. 352 मधून 44 आणि 28 वजा केले की उरतात 280, हा एलडीएल. ट्रायग्लिसराईड 400 च्या वर असले तर हे गणित बिघडते, तेव्हा एलडीएल थेट मोजावा लागतो. आता शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा कागद पाहा. पोट सुटलेले, साखर वाढू लागलेली. एकूण कोलेस्टेरॉल 218, एचडीएल 34, ट्रायग्लिसराईड 240. त्याचा व्हीएलडीएल 48 येतो आणि एलडीएल 136. इथे यकृत व्हीएलडीएल जास्त बनवते आहे. खाणे-पिणे, वजन आणि साखर आवरली तर हा कागद बराच सुधारतो. पहिल्या कागदावर ट्रायग्लिसराईड ठीक आहे, म्हणजे चरबी पोचवण्याच्या कामात अडचण नाही. अडचण शेवटी उरलेला एलडीएल उचलण्यात आहे. उपचार सुरू नसताना प्रौढ माणसाचा एलडीएल 190 च्या वर आणि ट्रायग्लिसराईड मात्र साधारण असेल, तर डॉक्टरांनी घरातल्या माणसांबद्दल विचारायला हवे, घोट्यामागची शिर चाचपून पाहायला हवी. थायरॉईड मंदावल्यामुळेही एलडीएल वाढतो, तेव्हा तीही तपासणी आधी करावी लागते.

अशा माणसाला ‘तूप बंद करा’ एवढेच सांगून घरी पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. त्याच्या जेवणातली चरबी कायलोमायक्रॉनमधून येते, आणि कायलोमायक्रॉनचे सांगाडे त्याच्या शरीरात जवळपास नीटच साफ होतात, कारण त्यांना अपोईच्या इतर वाटा खुल्या आहेत. तूप, लोणी, खोबरेल यांतली संतृप्त चरबी यकृताचे रिसेप्टर कमी करते, म्हणून पथ्याचा उपयोग होतो हे खरे. पण 280 चा 100 पथ्याने होत नाही.

ते होते औषधाने, आणि तेही रिसेप्टरच्याच जोरावर. जपानचे अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात एका बुरशीतून असा पदार्थ मिळवला की जो एचएमजी-कोए रिडक्टेजला अडवतो. आजची सगळी स्टॅटिन औषधे त्याच कुळातली आहेत. स्टॅटिनमुळे यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडू लागते आणि ती टंचाई भरून काढायला त्या पृष्ठभागावर आणखी रिसेप्टर आणतात. आपल्या माणसाचे एक जनुक चांगले असल्याने ते जास्त काम करू लागते आणि एलडीएल उतरतो. पुढे 2003 मध्ये पीसीएसके-9 या प्रथिनाचा संबंध कळला. ते रिसेप्टरला चिकटून त्याला पृष्ठभागावर परतू देत नाही, तो पेशीच्या आतच मोडला जातो. त्याला अडवणारी इंजेक्शने आता स्टॅटिनच्या जोडीला दिली जातात.

ज्या मुलांकडे एकही चालता रिसेप्टर नाही, त्यांना यातले बहुतेक काही लागू पडत नाही. वाढवायला रिसेप्टरच नसतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या एका मुलीची अशी स्थिती होती. तिचा एलडीएल 988 होता. तिला हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, बायपास झाले होते आणि हृदय निकामी होत चालले होते. नवे हृदय बसवले तरी त्याच रक्ताने त्याच्याही धमन्या बुजल्या असत्या. म्हणून 14 फेब्रुवारी 1984 रोजी पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला हृदयासोबत नवे यकृतही बसवले. हृदय आणि यकृत एकाच वेळी बदलण्याची ती पहिलीच शस्त्रक्रिया होती. काही आठवड्यांत तिचा एलडीएल 184 वर आला. आहार, रक्त, बाकीचे सारे शरीर तिचेच होते. तिच्या इतर कोणत्याही पेशीवर रिसेप्टर नव्हता, तरी एका अवयवावरचे रिसेप्टर पाचपैकी चार भाग एलडीएल उतरवायला पुरे पडले. मोजमाप केले तेव्हा तिच्या शरीरातून एलडीएल निघून जाण्याचा वेग अडीचपट झालेला दिसला. नवे बनणेही कमी झाले होते, कारण व्हीएलडीएलचे मधले गोळे आता नवे यकृत उचलत होते. पुढे तिला लोव्हास्टॅटिन हे तेव्हा नवीन असलेले औषध दिले गेले आणि तिचे कोलेस्टेरॉल सामान्य पातळीत आले. यकृत बदलण्याआधी ते औषध दिले असते तर त्याला काम करायला जागाच नव्हती. 1990 मध्ये, तेराव्या वर्षी, तिच्या शरीराने बदललेले हृदय नाकारले आणि ती गेली.

आज अशा मुलांचे रक्त यंत्रातून काढून, एलडीएल गाळून परत देतात. ते दर आठवड्या-पंधरवड्याला करावे लागते. एव्हिनॅक्युमॅब हे औषध 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते दर महिन्याला शिरेतून दिले जाते. ते एलडीएल रिसेप्टरच्या भानगडीत पडत नाही. ज्या प्रथिनामुळे लायपेज आवरून धरले जाते त्यालाच ते अडवते. मग व्हीएलडीएल लवकर रिकामे होते आणि त्याचे उरलेले गोळे एलडीएल बनण्याआधीच रक्तातून जातात. चाचण्यांमध्ये एलडीएल जवळपास निम्मा झाला, आणि रिसेप्टर जवळजवळ नसलेल्या रुग्णांतही तो तसाच उतरला.

एकच सदोष जनुक असलेली माणसे मात्र दुर्मीळ नाहीत. जगभरच्या पाहण्यांनुसार अडीचशे-तीनशे माणसांत एक सापडतो, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसते. एक सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि प्रत्येक मुलाला तेच जनुक असण्याची शक्यता निम्मी असते. साध्या रक्ततपासणीत ते दिसून येते, तेही शाळकरी वयात, धमन्यांत काही साचायच्या बरेच आधी. नेदरलँड्समध्ये अशा मुलांना सरासरी चौदाव्या वर्षी स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ज्या आई किंवा वडिलांकडून हे जनुक आले होते, त्यांच्यातल्या 26 टक्क्यांना वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत हृदयविकार किंवा तत्सम त्रास झालेला होता. त्या पिढीला तरुणपणी स्टॅटिन मिळाले नव्हते. मुलांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण एक टक्का होते.